क्रिएटिननं स्नायू वाढतात ते संकेतामुळे, की जास्तीच्या कामामुळे?

प्रश्न: सहा वर्षं वजनं उचलतोय, शोधनिबंधही वाचतो. क्रिएटिननं स्नायूत वाढीचा संदेश देणारं आयजीएफ-१ वाढतं, वाढ रोखणारं मायोस्टॅटिन उतरतं, स्नायूत भर घालणाऱ्या सॅटेलाइट पेशी वाढतात असं वाचलं. मग स्नायू थेट क्रिएटिनमुळेच वाढतात ना? की नुसते दोन रेप जास्त निघतात म्हणून? यातलं खरं कोणतं, आणि कशावरून?

उत्तर:

माझं मत आधी सांगतो, मग त्यामागची कारणं. क्रिएटिन घेऊन जो खराखुरा स्नायू वाढतो, म्हणजे पाणी वजा केल्यावर जो उरतो, त्यातला बराचसा भाग त्या दोन रेपमुळेच येतो असं मला वाटतं. थेट संकेताचा वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण तो मोठा असता तर जिथं दिसायला हवा होता तिथं तो दिसलेला नाही.

थेट वाढीची कल्पना कुठून आली, इथून सुरुवात करू. १९७२ मध्ये इंगवॉल आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या स्नायूपेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यात क्रिएटिन घातलं. मायोसिन हे आकुंचक प्रथिन जास्त तयार होऊ लागलं. मांडणी मोठी सुंदर होती: स्नायू काम करतो, काम करताना मोकळं क्रिएटिन वाढतं, आणि तेच पेशीला सांगतं की आणखी आकुंचक प्रथिनं बनव. १९८४ मध्ये दुसऱ्या एका गटानं कोंबडीच्याच पेशींवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा मायोसिनच्या प्रमाणात फरक आढळला नाही. कल्पना मात्र लोकांच्या डोक्यात टिकली. आजही डब्यावर 'ॲनाबॉलिक' असा शब्द दिसतो, त्याचं मूळ कुठंतरी या काचपात्रात आहे.

आता दुसरी बाजू. विश्रांतीत असलेल्या स्नायूत, कोरड्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १२० ते १२५ मिलिमोल एकूण क्रिएटिन असतं. १९९२ मध्ये हॅरिस, सॉडरलंड आणि हल्टमन यांनी तोंडावाटे क्रिएटिन देऊन हा साठा वाढवता येतो हे दाखवलं. वरची मर्यादा १५० ते १६० च्या आसपास आहे. रोज २० ग्रॅम सहा दिवस घ्या किंवा रोज ३ ग्रॅम चार आठवडे घ्या, दोन्ही वाटांनी साठा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. हे काम १९९६ मधलं, तेही हल्टमन यांच्याच गटाचं.

या वाढीव साठ्याचा उपयोग नेमका कुठं होतो, ते माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म आहे. दहा-बारा रेपचा जोरदार सेट तीस-चाळीस सेकंद चालतो आणि तेवढ्यात फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं क्रिएटिनचं साठवलेलं रूप, निम्म्याच्या खाली जाऊ शकतं. मग तुम्ही बाकावर बसता. पहिल्या मिनिटात बरंचसं फॉस्फोक्रिएटिन परत भरतं, पण स्नायूत आम्लता साचली असेल तर उरलेला भाग रेंगाळतो. पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. दोन मिनिटांनी पुढचा सेट घेतला तर तुम्ही अर्धवट भरलेल्या टाकीवर सुरुवात करता, चौथ्या-पाचव्या सेटला त्याहून रिकाम्या. १९९४ मध्ये ग्रीनहाफ यांच्या गटानं ८ जणांना पाच दिवस रोज २० ग्रॅम क्रिएटिन दिलं. ज्या ५ जणांच्या स्नायूत साठा नीट वाढला, त्यांच्यात जोरदार आकुंचनानंतर फॉस्फोक्रिएटिन जास्त वेगानं परत भरलं, आणि हा फरक विश्रांतीच्या दुसऱ्या मिनिटात दिसला. उरलेल्या ३ जणांत साठाच फारसा वाढला नाही, त्यामुळे भरण्याचा वेगही बदलला नाही.

दुसरं मिनिट, हे लक्षात ठेवा. बहुतेक लोक दोन सेटमध्ये नेमका एवढाच वेळ घेतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वहीतलं पान सांगतो. वजन ७४ किलो, शाकाहारी, चार वर्षांचा अनुभव. बेंचवर ७० किलो, पाच सेट, मध्ये घड्याळ लावून दोन मिनिटं, प्रत्येक सेट पुढचा रेप निघणार नाही इथपर्यंत. क्रिएटिनच्या आधी त्याचे रेप होते १०, ८, ६, ५, ५. एकूण ३४, म्हणजे २,३८० किलो. क्रिएटिन सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच वजनाला, तेवढ्याच विश्रांतीत: १०, ८, ७, ७, ६. एकूण ३८, म्हणजे २,६६० किलो. पहिल्या दोन सेटमध्ये काहीच बदललं नाही. वाढ आहे ती सगळी शेवटच्या तीन सेटमध्ये. एकूण काम सुमारे १२ टक्क्यांनी वाढलं.

एका मुलाचं पान म्हणजे पुरावा नव्हे. तो काय घेतोय हे त्याला माहीत होतं, आणि तीन आठवड्यांचा सराव क्रिएटिनशिवायही एखादा रेप देतोच. तरी वाढ कोणत्या सेटमध्ये आली, याकडे लक्ष द्या. नुसता उत्साह वाढला असता तर पहिल्या सेटमध्येही काहीतरी दिसलं असतं. इथं जिथं टाकी रिकामी होत होती तिथंच भर पडली. मोठ्या प्रमाणावरचं चित्रही याला धरून आहे. २००३ मध्ये रॉसन आणि व्होलेक यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा कमाल ताकदीत क्रिएटिनवाल्यांची आघाडी सरासरी ८ टक्के होती, तर ठरावीक टक्केवारीच्या वजनाला निघणाऱ्या रेपमध्ये १४ टक्के. एकदाच जोर लावण्यापेक्षा पुन्हापुन्हा जोर लावण्यात फायदा जास्त.

मग याचा स्नायूंशी संबंध कसा लागतो? त्या मुलाचा नियम असा होता की पाच सेटची बेरीज ४० झाली की बारवर अडीच किलो चढवायचे. ३४ वरून ४० ला पोचायला त्याला एरवी जेवढे आठवडे लागले असते त्याहून कमी लागले. म्हणजे नुसतं आजचं काम वाढलं नाही, वजन चढवण्याचा वेगही वाढला. मी 'जास्तीचं काम' म्हणतो तेव्हा या दोन्ही गोष्टी धरतो. लोक फक्त त्या दिवसाची किलोंची बेरीज बघतात आणि 'चार रेपनं काय होणार' म्हणून सोडून देतात. चार रेप हे व्याज आहे, आणि ते मुद्दलात मिसळत जातं.

व्होलेक यांचा १९९९ चा अभ्यास तुम्ही वाचला असेलच. १९ सराव असलेले पुरुष, १२ आठवडे. क्रिएटिन गटात चरबीविरहित वजन ४.३ किलोंनी वाढलं, दुसऱ्या गटात २.१. मंद तंतूंचं क्षेत्रफळ क्रिएटिन गटात ३५ टक्के, दुसऱ्या गटात ११ टक्के वाढलं. वेगवान तंतूंतही असाच फरक. हे आकडे थेट संकेताच्या बाजूनं सतत दिले जातात. पण त्याच अभ्यासात एक ओळ आहे जी क्वचितच कुणी सांगतं: पाचव्या ते आठव्या आठवड्यात क्रिएटिन गटानं बेंचवर सरासरी जास्त काम केलं होतं. दोन्ही गटांचा कार्यक्रम कागदावर सारखा होता, प्रत्यक्षात उचललेलं वजन सारखं नव्हतं. ज्या अभ्यासात काम मोकळं सोडलेलं आहे, त्यात वाढ क्रिएटिनमुळे झाली की कामामुळे हे वेगळं काढता येत नाही.

मग काम बांधून टाकलं तर? २००० मध्ये सायरोट्युक आणि सहकाऱ्यांनी साधारण पाच आठवड्यांचा अभ्यास केला, त्यात दोन्हीकडचं सरावाचं प्रमाण सारखं ठेवलं होतं. ताकदीत आणि चरबीविरहित वजनात क्रिएटिनवाल्यांना वेगळी आघाडी मिळाली नाही. काम सारखं केलं की फरक विरला. माझ्या मताला सगळ्यात मोठा आधार इथून मिळतो.

पण इथं घाई करू नका. बांधलेल्या कामाच्या प्रयोगात एक खोट आहे, आणि प्रगत वाचकानं ती ओळखायला हवी. त्याच मुलाला मी सांगितलं असतं की क्रिएटिन घे, पण १०, ८, ६, ५, ५ वरच थांब, तर काय झालं असतं? शेवटच्या सेटला पाचव्या रेपवर बार ठेवताना त्याच्याकडे अजून एक रेप शिल्लक राहिला असता. म्हणजे कागदावर दोघांचं काम सारखं, पण क्रिएटिनवाल्याला तेच काम हलकं. त्याचे सेट फेल्युअरपासून दूर थांबले. मग निकाल सारखा आला तर 'क्रिएटिन काहीच करत नाही' असंही म्हणता येतं, आणि 'क्रिएटिननं थोडी थेट भर घातली, ती हलक्या सेटमुळे कापली गेली' असंही म्हणता येतं. दुसरी शक्यता मी पूर्ण फेटाळत नाही. मात्र फेल्युअरच्या एक-दोन रेप अलीकडे थांबल्यानं वाढ फारशी घटत नाही, हे आज बऱ्यापैकी स्थिरावलेलं मत आहे. त्यामुळे कापली गेलेली भर मोठी असणं अवघड. कमकुवत थेट संकेत या प्रयोगातून निसटू शकतो, जोरकस संकेत निसटणार नाही.

एक सावधगिरी: 'एक आरएमच्या ६० टक्क्यांवर १२ रेप' असं लिहिलेला अभ्यास बांधलेल्या कामाचा समजू नका. एक आरएम म्हणजे एकदाच उचलता येईल असं कमाल वजन. टक्केवारी सारखी असली तरी क्रिएटिनवाल्याचा आरएम वाढत जातो, म्हणून किलोही वाढत जातात. पद्धतीचा भाग वाचताना मी हे पहिल्यांदा शोधतो.

यापेक्षा स्वच्छ पुरावा प्रथिननिर्मितीच्या मोजमापांतून मिळतो. थेट संकेत म्हणजे शेवटी काय, तर प्रथिनं जास्त बनली पाहिजेत किंवा कमी तुटली पाहिजेत. २००१ मध्ये परीज यांच्या गटानं हे मोजलं. स्नायूतली प्रथिननिर्मिती वाढली नाही. पुरुषांमध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल जळण्याचं आणि रक्तात येण्याचं प्रमाण मात्र थोडं कमी झालं, म्हणजे तोडफोडीवर काही परिणाम असू शकतो एवढीच खूण. २००३ मध्ये लुई, रेनी आणि सहकाऱ्यांनी उपाशीपोटी आणि अन्न दिल्यावर, दोन्ही स्थितींत मोजलं, निर्मितीही आणि तोडफोडही. काही फरक नाही. त्याच वर्षी त्यांनी व्यायामानंतर आकुंचन करणारी मायोफिब्रिलर आणि पेशीरसातली सार्कोप्लाझ्मिक प्रथिनं वेगवेगळी मोजली. तिथंही नाही. या प्रयोगांत एकतर विश्रांती होती किंवा सगळ्यांनी ठरलेलंच काम केलं होतं, जास्तीच्या रेपला वावच नव्हता. आणि तिथं क्रिएटिन गप्प राहिलं. अशी मोजमापं काही तासांचीच असतात, बारा आठवड्यांत साठणारा बारीक फरक त्यांत दिसेलच असं नाही. पण व्यायाम आणि अन्न यांचा परिणाम याच पद्धतीनं ठळक दिसतो.

आता तुम्ही विचारलेल्या रेणूंकडे येतो. इथं माझी एकच विनंती आहे: प्रत्येक वेळी क्रम विचारा. संकेत आधी आला की काम आधी वाढलं?

मायोस्टॅटिनचा २०१० चा अभ्यास आठ आठवड्यांच्या वजनांच्या सरावासोबतचा आहे. २००८ चा आयजीएफ-१ चा अभ्यासही आठ आठवड्यांच्या सरावाचा, आणि त्यात दोन्ही गटांत आयजीएफ-१ वाढलं, क्रिएटिन गटात थोडं जास्त. ओल्सेन यांचा २००६ चा सॅटेलाइट पेशींचा अभ्यास १६ आठवड्यांच्या जड सरावाचा. व्यायाम स्वतःच या तिन्ही गोष्टी हलवतो. मग ज्या गटाला जास्त व्यायाम करता येतो त्यात त्या जास्त हलल्या, तर नवल काय? पाऊस जास्त झाला म्हणून नदी फुगली आणि नदी फुगली म्हणून विहिरी भरल्या. विहिरीतलं पाणी मोजून 'नदीला पावसाची गरज नव्हती' असं म्हणता येत नाही.

एका अभ्यासाला मात्र हा आक्षेप लागत नाही, आणि तो मी लपवणार नाही. २००५ मध्ये डेल्डिक यांच्या गटानं पाच दिवस क्रिएटिन दिलं आणि व्यायामाच्या आधी, विश्रांतीतल्या स्नायूचा तुकडा घेतला. आयजीएफ-१ बनवण्याचा निरोप नेणारं एमआरएनए सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होतं. २००८ मध्ये सफदार यांच्या गटालाही दहाएक दिवसांच्या क्रिएटिननंतर पेशीतल्या पाण्याचा दाब ओळखणाऱ्या जनुकांत हालचाल दिसली. जास्तीचं काम तेव्हा झालेलंच नव्हतं. थेट संकेताच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम धागा आहे, आणि त्याला एक समजण्याजोगं कारणही आहे. क्रिएटिन पेशीत पाणी ओढून घेतं, पेशी फुगते, आणि फुगलेली पेशी प्रथिनं जपायच्या बाजूला झुकते, ही हाउसिंगर यांची १९९३ ची मांडणी. मला ही मांडणी पटते. फक्त एमआरएनए वाढलं म्हणजे प्रथिन वाढलंच असं नाही, आणि प्रथिन वाढलं म्हणजे तंतू जाड झालाच असंही नाही. लुई यांनी नेमकी हीच पुढची पायरी मोजली होती, आणि ती हललेली नव्हती.

सरावच काढून टाकला तर काय होतं हेही बघू. २००१ मध्ये हेस्पेल यांच्या गटानं २२ निरोगी माणसांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, मग दहा आठवडे मांडीचे व्यायाम करून घेतले. प्लास्टरच्या काळात क्रिएटिन घेणाऱ्यांची मांडी दुसऱ्यांइतकीच आटली. सराव सुरू झाल्यावर मात्र ती जास्त लवकर भरली. २०१७ मध्ये बॅक्स यांनी आठवडाभर पाय बांधून ठेवला, तेव्हाही क्रिएटिननं आटणं थांबवलं नाही. दंडावरच्या एका छोट्या अभ्यासात, २००९ मध्ये, ७ जणांत क्रिएटिननं घट कमी केलेली दिसली. त्यामुळे हात आणि पाय वेगळे वागतात का, हा प्रश्न खुला ठेवावा लागतो. पण पायाचं चित्र मला बोलकं वाटतं. वाढीचा आदेश क्रिएटिन स्वतः देत असतं, तर स्थिर पडलेल्या मांडीला तो सगळ्यात जास्त हवा होता.

आता मी माझ्याच मतावर एक हिशेब लावतो, कारण तो लावल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०२३ मध्ये शोनफेल्ड यांच्या गटानं अल्ट्रासाउंड, एमआरआय अशा थेट मोजमापांचे दहा अभ्यास एकत्र केले. क्रिएटिनची भर निघाली स्नायूच्या जाडीत १ ते १.६ मिलिमीटर, म्हणजे लहानच. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी ४० मिलिमीटर धरली तर ही भर अडीच ते चार टक्के झाली. दुसरीकडे, २०१७ मधल्या सेटच्या संख्येवरच्या विश्लेषणात आठवड्याला एक जादा सेट म्हणजे वाढीत ०.३७ टक्क्यांची भर असा हिशेब होता. आठवड्याला १२ सेट करणाऱ्याचे रेप १२ टक्क्यांनी वाढले तर ते जेमतेम दीड सेटाएवढे झाले. म्हणजे अर्धा टक्का. अडीच टक्के कुठं आणि अर्धा टक्का कुठं?

ही तफावत बघून कुणी म्हणेल की उरलेलं थेट संकेताचं. मी आधी पाण्याकडे बघतो. क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात साधारण किलोभर वजन वाढतं, आणि ते मुख्यतः पाणी असतं. २००३ मध्ये पॉवर्स यांनी शरीरातलं एकूण पाणी वाढतं हे मोजून दाखवलं. सगळं पाणी स्नायूच्या पेशींतच जातं असं नाही. पण समजा निम्मं किंवा त्याहून जास्त तिथं गेलं, आणि शरीरात स्नायू ३२ किलो आहेत, तर स्नायूचं आकारमान दीड-दोन टक्क्यांनी वाढलं. स्नायूची लांबी बदलत नाही, त्यामुळे ही वाढ आडव्या छेदात येते आणि अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर जाडी म्हणून दिसते. म्हणजे ज्या मिलिमीटरवर आपण वाद घालतोय त्याचा मोठा हिस्सा पहिल्याच आठवड्यात पाण्यानं भरला असण्याची शक्यता आहे. उरलेल्यात अर्धा टक्का जादा रेपचा, आणि वर वजन लवकर चढवल्याचा फायदा, जो सेट मोजून पकडता येत नाही. एवढं धरल्यावर थेट संकेतासाठी जागा उरतेच, पण फार नाही. यातला कुठलाही आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही. कोणता घटक किती मोठा असू शकतो याचा अंदाज येण्यापुरता हा हिशेब आहे.

२०२५ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास पाण्याचा मुद्दा आणखी स्पष्ट करतो. तिथं सरावाच्या आधी सात दिवस रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं, मग १२ आठवडे सराव. त्या पहिल्या आठवड्यातच चरबीविरहित वजनात अर्ध्या किलोची आघाडी मिळाली. पुढच्या १२ आठवड्यांत दोन्ही गट साधारण दोन-दोन किलोंनी वाढले, सारखेच. जुन्या अभ्यासांत पहिलं मोजमाप क्रिएटिनच्या आधीचं आणि शेवटचं सगळं संपल्यावरचं असतं. मधला तो अर्धा किलो 'स्नायू' म्हणून मोजला जातो.

मग खरा निवाडा कसा होईल? माझ्या मते तीन गट लागतील: एकाला क्रिएटिन आणि मोकळं काम, दुसऱ्याला क्रिएटिन पण काम साखरगोळीवाल्या जोडीदाराच्या वहीला बांधलेलं, तिसरा साखरगोळीवाला. बांधलेल्या गटाचे सेट हलके होऊ नयेत म्हणून विश्रांती कमी करून श्रम सारखे ठेवावे लागतील. आणि शेवटी क्रिएटिन बंद करून पाच-सहा आठवडे थांबून मोजावं लागेल, कारण स्नायूतला जादा साठा उतरायला महिनाभर किंवा जास्त लागतो; तो उतरला की सोबतचं पाणीही जातं. मोकळा गट पुढे आणि बांधलेला गट तिसऱ्याबरोबर राहिला तर काम हेच कारण. बांधलेला गटही पुढे गेला तर मी माझं मत बदलेन.

तोपर्यंत कामाच्या बाजूच्या काही खुणा तुम्ही स्वतः तपासू शकता. २००३ मध्ये बर्क यांच्या गटानं १८ शाकाहारी आणि २४ मिश्राहारी लोकांवर आठ आठवडे अभ्यास केला. शाकाहाऱ्यांचा सुरुवातीचा साठा कमी होता, त्यामुळे क्रिएटिन घेतल्यावर त्यांचा साठा जास्त वाढला, एकूण कामही जास्त वाढलं आणि चरबीविरहित वजनही. ही साखळी महत्त्वाची आहे: ज्याचा साठा वाढतो त्याचं काम वाढतं, आणि ज्याचं काम वाढतं त्याचा स्नायू. आपल्याकडे दूध-डाळीवर वाढलेल्या, मांस न खाणाऱ्या मुलांना क्रिएटिन जास्त 'लागतं' असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय, त्याचं कारण हेच असावं.

याचा उलटा निष्कर्षही निघतो. तुमचा कार्यक्रम एक ते तीन रेपचा असेल, मध्ये पाच मिनिटं बसत असाल, तर टाकी तशीही भरत असते आणि जादा काम निघायला जागा थोडी. तिथं क्रिएटिनचा स्नायूंवरचा परिणाम कमी दिसावा. आणि जो माणूस डबा आणतो पण तीन महिने तेच ५० किलो, तेच तीन बाय दहा मारत राहतो, त्याला किलोभर पाण्यापलीकडे काही मिळू नये. असे लोक मी पाहिलेत. 'मला क्रिएटिन चालत नाही' असं ते सांगतात. वही बघितली तर सेट दहावर थांबलेले असतात, हातात तीन रेप शिल्लक ठेवून. क्रिएटिननं दिलेलं त्यांनी उचललंच नाही.

तुम्हाला स्वतःवर पाहायचं असेल तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे, चार आठवडे थांबा. सुरू करण्याआधी तीन आठवडे दोन व्यायामप्रकारांची नोंद ठेवा, प्रत्येकी पाच सेट, तेच वजन, प्रत्येक सेटचे रेप वेगळे लिहून. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात ते विश्रांतीत. शेवटचे सेट जड वाटू लागले की दोन मिनिटांची साडेतीन होतात, कुणाशी बोलता बोलता कळतही नाही, आणि मग वाढलेले रेप क्रिएटिनचे की बसण्याचे हे सांगता येत नाही. फोनवर टायमर लावा आणि तो वाजला की बारखाली जा. स्पॉटरचा हात लागलेला रेप मोजू नका. दंडाची मापं घ्यायची तर सकाळी, सरावाआधी. आणि क्रिएटिन सुरू केल्यानंतर दहाव्या दिवशी एक जादा माप घ्या. त्या मापात जी वाढ दिसेल ती पाण्याची म्हणून बाजूला लिहा, आणि तिथून पुढं जे वाढेल तेवढंच तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सेटच्या रेपशी ताडून बघा.